गाडी रोखीनं की कर्जानं?

बाणेरकर: रोखीनं गाडी घेणारे वेडे आहेत. ८ लाखांचं कर्ज, ९ टक्के, ५ वर्षं: व्याज जातं १.९६ लाख. तेच ८ लाख ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवा, व्याज मिळतं ३.३२ लाख. गाडी दारात, वर १.३६ लाख नफा!

खतावणी: अहो, ७ टक्क्यांनी घ्यायचं आणि ९ नं द्यायचं हा बँकेचा धंदा. तरी नफा तुम्हाला? १६,६०७ चा हप्ता कुठून भरणार, ते लिहायचं राहिलं. पगारातूनच ना? मग रोखवाल्यालाही पगार आहेच. त्यानं तेवढेच पैसे दरमहा ७ टक्क्यांच्या आरडीत टाकले, तर ५ वर्षांनी त्याच्याकडे साधारण ११.८८ लाख असतील. तुमच्या एफडीचे होतील ११.३२. म्हणजे तुम्हीच ५६ हजारांनी मागे. कर्जाचं मुद्दल महिन्यागणिक उतरत जातं, एफडीचं पाच वर्षं पूर्ण राहतं. त्या दोन व्याजांची वजाबाकी करून काय सिद्ध होणार? शिवाय व्याज तुमचं जास्त, म्हणून प्राप्तिकरही जास्त.

बाणेरकर: एफडी उदाहरणादाखल होती हो. इंडेक्स फंडात टाका, १२ टक्के कुठं गेले नाहीत.

खतावणी: मार्च २०२० मध्ये गेले होते. हप्त्याची तारीख मात्र तिथंच होती.

मीनाताई: व्याजाचं राहू द्या, बोजा उतरवण्याचं कोणी बोलत नाही. आमचं कर्ज फिटलं, ह्यांनी बँकेची एनओसी कपाटात ठेवून दिली. गाडी विकायला काढली तर आरसीवर बँकेचं नाव तसंच! एनओसी जुनी झाली म्हणून नवीन आणा, फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का आणा. शाखेत गेलो तर साहेब रजेवर. तोवर गिऱ्हाईक पळालं.

एसटी_डेपो: ताई, सेम! आमच्याकडं एजंटानं वर पैसे मागितले.

खतावणी: एजंट कशाला? आता बरंचसं ऑनलाइन होतं.

एसटी_डेपो: तुमच्या शहरात होत असेल, साहेब. इथं येऊन बघा एकदा.

बाणेरकर: धागा माझा, चर्चा आरटीओची! मुद्द्याचं सांगा. सगळी पुंजी गाडीत घातली आणि घरात आजारपण आलं, तर आरडी पुरणार का?

खतावणी: हा मात्र खरा मुद्दा. मग हेच आधी लिहायचं होतं, "वेडे" कशाला? हाताशी सहा महिन्यांचा खर्च उरत नसेल तर कर्ज घ्या, ५६ हजार ही निर्धास्तपणाची किंमत समजा. पण एफडी मोडायचीच नसेल तर तिच्यावरच ओव्हरड्राफ्ट मागा. बऱ्याच बँकांत एफडीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त, म्हणजे ८ च्या आसपास. आरसीवर बोजाही नाही.

बाणेरकर: म्हणजे शेवटी कर्जच!

मीनाताई: बोजा नाही? हे आधी का नाही सांगितलंत, भाऊ?