फोटोच्या पलीकडचं स्थळ

"फोटोचं इतकं छान वर्णन करूनही स्थळ पुढे का सरकत नाही?"

माझी आत्या बरीच वर्षं लग्नं जुळवते. या प्रश्नाचं उत्तर तिच्या या गोष्टीत आहे.

एका मुलाला दिसत नव्हतं. आत्याने फोनवर एका मुलीच्या फोटोचं वर्णन नेहमीसारखं सुरू केलं, रंग गव्हाळ, चेहरा हसरा, उंची बेताची. त्याने शांतपणे विचारलं, "ती कशावर हसते?" आत्याकडे उत्तर नव्हतं. मुलीच्या घरी आत्या दोनदा चहा पिऊन आली होती, पण बोलली होती ती फक्त मुलीच्या आईशीच.

मग ती मुलीला एकटीला भेटली. "तुला कसा नवरा हवा?" या प्रश्नाला मुलगी "समजूतदार" म्हणाली आणि गप्प झाली. एरवी आत्याने तिथे स्वतःच चार वाक्यं घातली असती. (ही खोड जवळजवळ सगळ्या मध्यस्थांना असते, आणि त्यातच खरं उत्तर बुडतं.) या वेळी ती थांबली. बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली, "घरात कुणी आवाज चढवला की माझ्या पोटात गोळा येतो."

मुलीची परवानगी घेऊन आत्याने ते वाक्य जसंच्या तसं मुलाला सांगितलं, स्वतःचा एक शब्दही न मिसळता. तो म्हणाला, "आमच्याकडे दारसुद्धा हळू लावतात. गोंगाटात मला काहीच उमगत नाही."

पहिल्या भेटीत दोघं दोन तास बोलत बसले. आत्या बाहेरच्या खोलीत होती. फोटो तिच्या पिशवीतच राहिला.