मदत हवी आहे: दोन्ही हात वेगवेगळ्या लयीत चालतच नाहीत

पेटीवाला_पुणे
सरळ विचारतो. उजव्या हातात तीन, डाव्या हातात दोन. एकेकटा हात झोपेतही वाजवतो, एकत्र आणले की एक हात दुसऱ्याच्या मागे लागतो. मास्तर म्हणतात "सवयीने येईल". सवय करूनच तर इथे आलोय. हे नेमकं कशामुळे होतं आणि यावर उपाय काय? "संयम ठेवा" वगैरे सल्ले नकोत.

झिपऱ्या
कुठलं वाद्य? पेटी? पेटीवर डावा हात भाता मारतो, त्याला कसली आली लय?

अण्णा_कोथरूड
मनगट दुखतं का? माझ्या मेहुण्याला असंच व्हायचं. रात्री कोमट तिळाचं तेल चोळायचं आणि हात मफलरमध्ये गुंडाळून झोपायचं. उबेने शिरा मोकळ्या होतात.

पेटीवाला_पुणे
आयडी जुना आहे, वाद्य पियानो आहे. मनगट ठणठणीत आहे, अण्णा.

निशाचर
साधी गोष्ट आहे. उजवा हात डावा मेंदू चालवतो, डावा हात उजवा मेंदू. मध्ये नसांचा जाड पूल आहे, त्यावरून एकाचा हुकूम दुसऱ्याकडे पाझरतो. मन शांत करून दोन्ही मेंदू वेगळे ठेवायला शिका. डाव्या हाताने दात घासायला लागा, पूल ताब्यात येतो.

रेवती_क
(हातांच्या हालचाली मोजणं हे माझं रोजचं काम, म्हणून लांबण लागेल.)

पेटीवाले, आधी सांगा: तुकडा कोणता, वेग किती, आणि तीन-दोनच्या एका फेरीत दोन्ही हात एकत्र कितीदा पडतात? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

निशाचर, अर्धं बरोबर आहे. बोटांचं नियंत्रण बरंचसं उलट्या बाजूने होतं, हे खरं. पण सगळा दोष पुलाला देता येत नाही. फेफऱ्याच्या उपचारासाठी काही रुग्णांचा तो पूल कापलेला असतो. १९९६ साली अशा रुग्णांना दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळ्या आकृत्या काढायला दिल्या. आपण धडधाकट माणसं त्यात गोंधळतो, त्यांनी आरामात काढल्या. म्हणजे आकाराची गडबड पुलावरून येते. पण वेळ? दोन्ही हात सुरू व्हायचे बरोबर, थांबायचे बरोबर. पूल नसतानाही लय जोडलेलीच राहिली.

निशाचर
म्हणजे पूल नव्हता तेव्हा निम्मी अडचण गेलीच ना? मी तेच म्हणतोय.

तबलजी_सातारा
मेंदूबिंदू राहू द्या. याला आमच्यात दीडपट म्हणतात, आणि तो आधी हाताने शिकतच नाहीत, तोंडाने शिकतात. हातावर सारख्या अंतराने दोन टाळ्या द्या आणि तेवढ्यात तोंडाने "त-कि-ट" सारख्या चालीत म्हणा. पहिली टाळी "त"वर. दुसरी टाळी कशावरच पडत नाही, "कि" आणि "ट"च्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत पडते. ती जागा तोंडाला सापडली की हाताला सापडते. पढंत केल्याशिवाय बोट ठेवायचं नाही, असा आमच्या गुरुजींचा दंडक होता. पियानोवाले पढंत करत नाहीत, तिथेच घोडं पेंड खातं.

मोनिका_बेलापूर
पियानोवालेही मोजतात हो. मेट्रोनोम नावाची गोष्ट असते. तो लावा आणि हळू वाजवा, बाकी सगळं थोतांड.

तबलजी_सातारा
मेट्रोनोम एकच लय दाखवतो, ताई. अडचण दोनची आहे.

पेटीवाला_पुणे
रेवतीताई, तुकडा देब्यूसीचा पहिला अराबेस्क. प्रत्येक ठोक्यात उजव्यात तीन स्वर, डाव्यात दोन. मास्तरांना मिनिटाला ७० ठोके हवेत. आत्ता रेकॉर्ड करून ऐकलं. एकत्र दोनदा पडतात. पहिल्या स्वरावर आणि मध्ये कुठेतरी.

रेवती_क
मध्ये कुठेतरी, म्हणजे उजव्याच्या दुसऱ्या स्वरावर. तिथे एकत्र पडायलाच नको. तीन-दोनच्या फेरीत हात एकदाच भेटतात, सुरुवातीला. तुमचं काय होतंय ते सांगते: उजव्याचा पहिला स्वर लांबतो आणि पुढचे दोन दाटीवाटीने येतात. त्यामुळे दुसरा स्वर नेमका डाव्याच्या दुसऱ्या स्वरावर येऊन बसतो. कानाला ते "तीन"सारखं वाटतं, पण लांब-आखूड-आखूड झालेलं असतं.

असं का होतं, ते बसल्याजागी करून बघा. दोन्ही तर्जन्या टेबलावर समोर ठेवा आणि एकाच दिशेने डावी-उजवी हलवा, गाडीच्या काचेवरच्या वायपरसारख्या. आता वेग वाढवत न्या. एका टप्प्यावर बोटं तुम्हाला न विचारता दिशा बदलतात आणि आरशातल्यासारखी चालू लागतात: दोन्ही आत, दोन्ही बाहेर. स्कॉट केल्सो यांनी १९८४ साली हे नीट मोजून दाखवलं. उलटं होत नाही. आरशातली चाल वेग वाढवल्यावर मोडून समांतर होत नाही. वेग वाढला की हात सगळ्यात सोप्या मेळाकडे घसरतात. तुमचा उजवा हात तेच करतोय, डाव्याला गाठतोय.

झिपऱ्या
करून बघितलं, खरंच बदलतात! बायको विचारतेय हे काय चाललंय.

कावेरी_नागपूर
मला ढोलकी शिकायची आहे, वय ४१. उशीर झालाय का? शिवाय स्कूटी चालवताना मला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबायची सवय आहे, तेही हेच का?

झिपऱ्या
स्कूटीचं आधी बघा, ढोलकी थांबू शकते.

पेटीवाला_पुणे
माझ्या प्रश्नावर या. घसरतात, समजलं. थांबवायचं कसं?

रेवती_क
दोन लयी वेगवेगळ्या सांभाळायचा प्रयत्न सोडून द्या. वाजवणाऱ्यांचे ठोके मोजले तर तीन-दोन येणारी बहुतेक माणसं दोन घड्याळं चालवत नसतात. ती एकच गुंफलेली लय वाजवतात, तिचे ठोके फक्त दोन हातांत वाटलेले असतात.

एका फेरीचे सारखे सहा भाग करा. उजवा १, ३, ५ वर. डावा १ आणि ४ वर. मिळून काय झालं? १ ला दोन्ही, ३ ला उजवा, ४ ला डावा, ५ ला उजवा. म्हणजे दोन्ही–उजवा–डावा–उजवा. मधली अंतरं दोन, एक, एक, दोन.

मेट्रोनोम १२० वर ठेवा आणि प्रत्येक टकटक म्हणजे एक भाग धरा. एक फेरी तीन सेकंदांची होईल. पियानो नको, मांडीवर थापा. ३, ४, ५ हे तीन ठोके लागोपाठ आणि सारख्या अंतराने आले पाहिजेत, खूण तीच. ३ आणि ४ चिकटले की जुनी खोड परत आली समजा. १८० पर्यंत सहाची मोजणी तोंडात मावते. त्यापुढे जीभच अडखळते, मग टकटक ६० वर आणून फक्त डाव्याच्या ठोक्यांना द्या. वेग तोच राहतो, मोजणी सुटते. तुमच्या ७० च्या ठोक्याला डावा मिनिटाला १४० वेळा पडेल, तेव्हा ६० पासून तिथवर चढायचं आहे.

मोनिका_बेलापूर
म्हणजे मेट्रोनोमच. मी काय म्हणत होते!

तबलजी_सातारा
आणि तोंडाने मोजणी. मी काय म्हणत होतो!

वृत्तवेडा
या चर्चेत माझं काही काम नाही, पण दोन-एक-एक-दोन म्हणजे गुरू-लघु-लघु-गुरू. "जा पळुनी" म्हणा. "जा"ला दोन्ही हात, "प"ला उजवा, "ळु"ला डावा, "नी"ला उजवा. सहा मात्रा चोख. आकडे मोजायची गरजच नाही.

पेटीवाला_पुणे
वृत्तवेडा, दंडवत. मांडीवर "जा पळुनी जा पळुनी" लगेच बसलं. पण पियानोवर गेलो की परत ठेचकाळतो. बोटं शोधण्यात लक्ष जातं.

रेवती_क
मग एक पायरी मध्ये घाला. दोन्ही हातांनी एकेकच पट्टी वाजवा, उजव्यात कुठलाही एक स्वर, डाव्यात कुठलाही एक. चाल बसली की आधी डाव्याचे खरे स्वर आणा, उजवा एकाच पट्टीवर. उजव्याचे शेवटी.

लक्ष कुठे ठेवायचं याचा एक गमतीदार प्रयोग सांगते. जर्मनीत २००१ साली लोकांना टेबलाखाली लपवलेले दोन दांडे फिरवायला दिले आणि वर दोन झेंड्या फिरताना दिसायच्या. मध्ये अशी दातेरी चाकं बसवली होती की झेंड्या बरोबरीने फिरवायच्या तर हात चारास तीन या प्रमाणात फिरवावे लागत. नुसतं "हात चारास तीन फिरवा" म्हटलं तर कोणाला जमायचं नाही. झेंड्या बरोबर ठेवायला सांगितलं की जमायचं. हातांपेक्षा त्यातून निघणाऱ्या एका चित्राकडे लक्ष दिलं की हात सोबत येतात. तुमच्यासाठी ते चित्र म्हणजे "जा पळुनी"ची चाल.

निशाचर
पण मग पुलाचं काय? १९९६ च्या रुग्णांत लय जोडलेली राहिली म्हणता, तर पूल बिनकामाचा?

रेवती_क
नाही, इथे तुमच्या बाजूनेही पुरावा आहे. अशाच रुग्णांना पुढे न थांबता सलग वर्तुळं काढायला सांगितलं, तेव्हा त्यांचे हात एकमेकांना सोडून पळाले. म्हणजे थांबत-थांबत केलेल्या हालचालींची वेळ एकीकडून जुळते आणि सलग हालचालींची दुसरीकडून, असं दिसतं. पियानोचा स्वर पहिल्या प्रकारात धरावा असं मला वाटतं, पण सगळे मानतीलच असं नाही.

निशाचर
चला, दात घासणं वाया गेलं नाही.

रेवती_क
दात घासण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

तबलजी_सातारा
चारास तीन आलंच आहे तर सांगतो, तीन-दोन पक्कं झालं म्हणून ते आपोआप येत नाही. तिथे बारा भाग पडतात आणि बोलच वेगळे लागतात.

पेटीवाला_पुणे
एकाच पट्टीवर बसलं, रेकॉर्डिंगमध्ये आता एकदाच एकत्र पडतात. डाव्याचे खरे स्वरही घातले. ७० अजून लांब आहे. आता एक सांगा: पुढे कुठे डाव्यात तीन आणि उजव्यात दोन आलं, तर हेच चालेल की पहिल्यापासून?

रेवती_क
चाल तीच राहते, फक्त "प" आणि "नी" डाव्याकडे जातात आणि "ळु" उजव्याकडे. पण उजव्या हाताच्या माणसांना वेगाची बाजू उजव्यात असली की सोपं जातं, त्यामुळे तो उलटा प्रकार जास्त छळेल. तुम्ही उजखोरे की डावखुरे, हे अजून सांगितलेलं नाही.

पेटीवाला_पुणे
डावखुरा.

झिपऱ्या
हे आत्ता सांगताय?

कावेरी_नागपूर
ढोलकीचं कोणीच सांगितलं नाही.