लग्नाचा वाढदिवस: साज करावा की तिचा जुना तंबोरा नीट करून द्यावा?

रंकाळाकाठ:
डिसेंबरात लग्नाला 20 वर्षं होतायत. घरातले सगळे म्हणतायत गुजरीत जा आणि साज करून घे. पण मिसेस लग्नाआधी गाणं शिकायची, तिचा मिरजेचा तंबोरा सहा वर्षं कपाटावर गवसणीत पडून आहे. हल्ली रोज संध्याकाळी भाकरी करताना मोबाईलवर तंबोरा लावून गाते. मला वाटतंय तो तंबोरा गुपचूप नीट करून द्यावा. बरोबर आहे का हे? आणि नीट करायचं म्हणजे नक्की काय करायचं, मला त्यातलं काही कळत नाही.

मंगळवारपेठी:
भावा साज कर. 20 वर्षं काय रोज होत नाहीत, आणि सोनं अडीनडीला उपयोगी पडतं, तंबोरा पडत नाही. माझ्या आईनं माझ्या कॉलेजच्या फीला बांगड्या मोडल्या होत्या, तवापास्नं मी घरात सोन्याला फक्त दागिना म्हणत नाही. आणि तंबोरा तिचाच आहे की, तिचीच वस्तू तिला परत दिली तर ती भेट कशी झाली? रिपेरिंग झालं ते. ते कधीबी करता येतंय.

वैशाली_गाणं:
मी 30 वर्षं गातेय, माझा तंबोरा पण मिरजेचाच, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दादा, आधी तंबोरा खाली काढून घोडीकडे बघा, म्हणजे भोपळ्याच्या बाजूला तबलीवर तारा जिच्यावरून जातात ती रुंद पट्टी. खिडकीजवळ उजेडात धरा आणि डोळा घोडीच्या लेव्हलला आणून आडवं बघा. चार तारांच्या खाली चार बारीक चऱ्या पडलेल्या दिसल्या तर जवारी गेली. तंबोऱ्याचा तो जो गुंजणारा, लांबणारा आवाज असतो ना, तो घोडीच्या वरच्या अगदी किंचित उतरत्या गोलाईमुळे येतो, तार त्या उताराला हलकेच घासत कंप पावते म्हणून. चरी पडली की तार खाचेत बसते आणि आवाज एकतर ठप्प होतो नाहीतर पत्र्यासारखा खणखणतो. मिरजेतले कारागीर ती घोडी कानसेनं थोडी थोडी घासून, मध्ये मध्ये तार लावून ऐकत परत तो उतार काढतात. याला जवारी काढणं म्हणतात. हे घरी करायच्या भानगडीत पडू नका, एक घास जास्त बसला की घोडीच बदलावी लागते.

तारा तर बदलाच. सहा पावसाळे गेलेत, पोलादी तारांवरून बोट फिरवलं तर काळं होईल.

पण खरी गोष्ट पुढं आहे आणि तिथंच बहुतेक नवरे फसतात (माझे पण फसले होते). कारागीर तुम्हाला पहिला प्रश्न विचारेल की स्वर कुठला? त्याचं उत्तर नसेल तर जाऊ नका. तारांची जाडी त्या स्वरावर ठरते, आणि ताण बदलला की जवारीही बदलते. माझ्या नवऱ्यानं माझा तंबोरा असाच गुपचूप नेला आणि जुन्या आठवणीनं काळी पाच, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचा स्वर, सांगून आला. मी तोवर काळी चारला गात होते. लग्न, दोन बाळंतपणं, वय, आवाज खाली येतो बायकांचा. तंबोरा दिसायला नवा झाला आणि मला त्याच्याबरोबर गाता येईना. तारा सैल करून काळी चारला आणल्या तर ताण जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं उतरला, तारा लोंबल्यासारख्या झाल्या आणि जवारी पार बिघडली. परत मिरज, परत जाड तारा, परत जवारी.

तेव्हा वहिनी मोबाईलवर तंबोरा कुठल्या स्वराला लावतात ते आधी बघा. एकदा नाही, आठ दहा दिवस बघा.

सुमित_कागल:
एवढं काही लागत नाही हो. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो पुढेमागे सरकवला की जवारी येते. मी कॉलेजला असताना आमच्या सरांना करताना बघितलंय, दोन मिनिटाचं काम. उगाच मिरजेला हेलपाटा कशाला.

वैशाली_गाणं:
सुमित, दोऱ्याचं बरोबर आहे पण अर्धंच. घोडीचा उतार शाबूत असेल तर दोरा सरकवून आवाज खुलवता येतो, आम्ही रोज रियाजाआधी तेच करतो. चरी पडलेल्या घोडीवर मात्र दोरा कितीही सरकवा, एका जागी आवाज लागल्यासारखा वाटतो आणि पाच मिनिटात परत जातो. ओळखायची खूण हीच. दोऱ्यानं खुललेला आवाज टिकला तर कारागिराकडे जायची गरज नाही, नुसत्या तारा बदला.

दादा_गडहिंग्लज:
तंबोरा विकायचा आहे का? मुलीच्या क्लासला हवा आहे. लेडीज साईज आहे का? किंमत कळवा.

रंकाळाकाठ:
नाही दादा, विकायचा नाही. तो तिच्या वडिलांनी घेऊन दिलाय.

पद्मा_राजारामपुरी:
सगळे तारा आणि घोडीवर बोलतायत म्हणून मी वेगळं बोलते, राग मानू नका. सहा वर्षं तो कपाटावर आहे तर का आहे हे कुणी विचारलंय का? कदाचित तिनं स्वतःच ठेवलाय. मी लग्नाआधी चित्रं काढायचे. मिस्टरांनी दहाव्या वाढदिवसाला स्टँड, कॅनव्हास, रंग, सगळं आणलं, मनापासून आणलं, माझ्या आवडीचंच आणलं. आणि मग ते सगळं हॉलमध्ये उभं राहिलं. येणारा जाणारा विचारायचा काय काढलं का नवीन, सासूबाई म्हणायच्या एवढं आणून दिलंय. मुलं लहान, शाळा, सगळ्यांचे डबे, मी कधी काढणार होते? दोन वर्षांनी मी स्वतःच ते माळ्यावर टाकलं आणि त्या दिवशी रडले. आवड ओळखली म्हणजे झालं असं नाही, त्या आवडीला घरात वेळ आणि जागा आहे का हे पण बघावं लागतं. सोनं निदान काही मागत तरी नाही. गुपचूप काही करू नका, सरळ विचारा तिला.

मंगळवारपेठी:
पद्माताई एक नंबर बोललात. म्हणूनच म्हणतोय साज.

वैशाली_गाणं:
पद्माताई, तुमचं मला लागलं मनाला. पण एक फरक बघा. तुमची चित्रं तेव्हा थांबली होती, वहिनींचं गाणं थांबलेलं नाही. रोज संध्याकाळी मोबाईल लावून गातात म्हणजे सुराची गरज आहे, फक्त वाद्य हाताला येत नाहीये. तंबोरा कपाटावरून काढायचा, गवसणी सोडायची, खुंट्या पिळायच्या, चार तारा जुळवायच्या यात पंधरा वीस मिनिटं जातात, आणि पावसाळ्यात फुगून बसलेल्या खुंट्या बाईच्या हाताला हलत पण नाहीत. भाकरी करणारी बाई मोबाईल लावते ते आळसानं नाही.

म्हणून दादा, नुसती जवारी काढून तो परत कपाटावर ठेवणार असाल तर पद्माताईंचंच खरं होईल. कारागिराला खुंट्या पण बघायला सांगा, घट्ट असतील तर घासून आणि सरकत असतील तर खडू लावून तो बसवून देतो. पक्कड लावून तुम्ही पिळू नका, दांडी चिरते. आणि घरात त्याला उभं करायला एक कोपरा ठरवा, उन्हाचा नाही आणि ओल्या भिंतीचा पण नाही.

सुमित_कागल:
बरं मग मशीनचा चांगला इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊन द्या की. सूर उतरत नाही, खुंटी नाही, स्वर पाहिजे तो लावा. आवड पण जपली आणि त्रास पण नाही.

वैशाली_गाणं:
वाईट नाही हे, प्रवासात मी तेच वापरते. पण तंबोरा मांडीवर किंवा खांद्याला लावून गाताना तो अंगाला जाणवतो, भोपळ्यातला कंप हाडापर्यंत येतो आणि आपला सा चुकला तर आधी अंगाला कळतं. ते डब्यातून येत नाही. शिवाय वडिलांनी दिलेलं वाद्य आहे ते.

रंकाळाकाठ:
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण बघत होतो. अकरा दिवस बघितलं. मोबाईलवर नऊ वेळा काळी चार होतं, दोनदा पांढरी पाच. तंबोऱ्याच्या गवसणीच्या खिशात एक जुनी चिठ्ठी सापडली, तिच्या अक्षरात, त्यावर काळी पाच लिहिलंय. म्हणजे वैशालीताई, तुम्ही म्हणालात तस्संच झालं असतं, मी चिठ्ठी दाखवून आलो असतो आणि फसलो असतो.

घोडी पण बघितली उजेडात. तीन तारांखाली चऱ्या आहेत, खर्जाखाली नाही.

पांढरी पाच कधी लावते ते पण लक्षात आलं, दोन्ही वेळा तिला सर्दी होती. तर मग काळी चारच धरू ना?

वैशाली_गाणं:
काळी चारच. सर्दीच्या दिवसापुरता अर्धा स्वर उतरवला तर त्याच तारा चालतात, तेवढं वाद्य सोसतं. कारागिराला सांगा आधी काळी पाचचा होता, आता काळी चार, तर तो एक नंबर जाड तारा घालेल आणि त्यावर जवारी काढेल. भोपळा पण बोटानं ठोकून घ्यायला सांगा, कुठं चिरका आवाज आला तर बारीक तडा असतो, तो आधी भरून घ्यावा लागतो नाहीतर सगळी जवारी वाया.

आणि तारीख सांभाळा. नव्या तारा पहिला आठवडाभर ताणत राहतात आणि सारख्या उतरतात. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आणलात तर त्या संध्याकाळी तो बेसूरच वाजेल. निदान दहा दिवस आधी घरी आणा आणि रोज कुणीतरी जुळवून ठेवा. ते गुपचूप कसं जमणार ते मला नाही सांगता येत.

माझा सगळा खर्च तेव्हा दोन हजारांच्या आत झाला होता. दुसऱ्यांदा गेले तो वेगळा.

पद्मा_राजारामपुरी:
अकरा दिवस बघितलंत हे वाचून बरं वाटलं हो. आमच्याकडे कुणी अकरा मिनिटं बघितलं असतं तर. तरी मी माझं म्हणणं सोडत नाही. ती चिठ्ठी तिनं कधी लिहिली आणि तंबोरा वर कधी ठेवला, मध्ये काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे का?

रंकाळाकाठ:
माहीत आहे ताई. सहा वर्षांपूर्वी तिचे वडील गेले. त्यानंतर वर ठेवला.

पद्मा_राजारामपुरी:
मग तर अजिबात गुपचूप नको.

मंगळवारपेठी:
आता मी पण साज म्हणत नाही. विचारा वहिनींना.

वैशाली_गाणं:
मला दोन्ही वाटतंय खरं सांगायचं तर. माझे वडील गेले तेव्हा मी पण वर्षभर हात लावला नव्हता, आणि मग मला वाटायचं की कुणीतरी तो नीट करून समोर आणून ठेवावा, मला स्वतःला ते जमत नव्हतं. पण ती मी. वहिनींचं मला माहीत नाही.

रंकाळाकाठ:
काल रात्री विचारलं. सरळ नाही विचारलं, म्हटलं कपाट साफ करायचंय, तंबोरा खाली काढू का. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली काढ, पण गवसणी मी सोडणार. आज सकाळी दोघांनी मिळून खाली घेतला. तिनं खुंटीला हात लावला आणि म्हणाली बसल्यात सगळ्या. मी चऱ्या दाखवल्या तर मलाच विचारायला लागली की तुला घोडी म्हणजे काय ते कसं माहीत.

रविवारी सकाळच्या गाडीनं दोघं मिरजेला जातोय. वैशालीताई, गाडीत न्यायचा तर तारा सैल कराव्या लागतात का, आणि आडवा ठेवायचा की उभा?

वैशाली_गाणं:
थोड्या उतरवा, पूर्ण सैल करू नका. घोडीजवळ तारांच्या खाली मऊ फडकं घाला. भोपळा मांडीत आणि दांडी खांद्याला, एकानं धरून बसायचं. वरच्या रॅकवर चुकून ठेवू नका.