शब्दचर्चा : 'तंबाखूचा वाटा' की 'आरोप्य अंश'?

मृदुला : आरोग्यसेविकांसाठीच्या एका पुस्तिकेचे मी भाषांतर करीत आहे. 'पॉप्युलेशन ॲट्रिब्युटेबल फ्रॅक्शन', म्हणजे एखादे कारण नसते तर एकूण रुग्णांपैकी जितके झालेच नसते तो भाग, या संज्ञेसाठी मी 'जनसंख्या-आरोप्य अंश' असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'तोंडाच्या कर्करोगात तंबाखूचा वाटा निम्मा आहे, म्हणजे तंबाखू बंद होताच निम्मे रुग्ण कमी होतील' असे वाक्य केले. माझा शब्द बोजड आहे हे मान्य, पण त्यांच्या वाक्याचा उत्तरार्ध मला पटत नाही.

विश्वासराव : संपादकांचे बरोबर आहे. 'आरोप' म्हटला की कोर्टकचेरी आठवते. 'वाटा' हा घरचा शब्द आहे आणि त्याचे गणितही सोपे आहे. दोनशे रुग्णांपैकी सव्वाशे तंबाखू खाणारे निघाले, तर वाटा साडेबासष्ट टक्के.

सुलभा : विश्वासराव, 'आरोप'चे मूळ 'आ' आणि 'रुह्' यांत आहे. त्याचा जुना अर्थ 'चढवणे, ठेवणे' असा आहे, त्यामुळे शब्द शास्त्राला धरूनच आहे. गणित मात्र तसे नाही. समजा, एका तालुक्यात चार लाख प्रौढ आहेत आणि त्यांतील एक लाख तंबाखू खातात. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखूचे प्रमाण 24.4 टक्के आढळले होते, तेव्हा एक चतुर्थांश हे गृहीतक अवास्तव नाही. न खाणाऱ्या तीन लाखांत काही वर्षांत 75 रुग्ण झाले आणि खाणाऱ्यांचा धोका पाचपट असल्यामुळे त्या एका लाखात 125 झाले. पण ते एक लाख लोक खात नसते, तरी त्यांच्यातही 25 जणांना रोग झालाच असता. म्हणून तंबाखूच्या खाती 125 नव्हे, 100 रुग्ण जातात आणि दोनशेपैकी निम्मे हे उत्तर येते. मॉर्टन लेव्हिन यांनी 1953 मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी मांडलेले सूत्र हेच सांगते. त्यात PAF म्हणजे आपली संज्ञा, p म्हणजे लोकांत खाणाऱ्यांचे प्रमाण आणि RR म्हणजे खाणाऱ्यांचा धोका न खाणाऱ्यांच्या किती पट ते :

```
PAF = p(RR − 1) / (1 + p(RR − 1))
    = 0.25 × 4 / (1 + 0.25 × 4) = 0.50
```

खाणारे दहाच टक्के असते, तर धोका तितकाच राहूनही उत्तर 29 टक्क्यांच्या आसपास आले असते. म्हणजे हा आकडा तंबाखूचा गुणधर्म सांगत नाही, त्या तालुक्याची स्थिती सांगतो.

रघुनाथ : माझ्या धाकट्या भावाच्या गालाची शस्त्रक्रिया झाली. तो वीस वर्षे खर्रा खात होता. मग त्याच्या आजारातही तंबाखूचा वाटा निम्माच धरायचा का?

सुलभा : नाही, रघुनाथराव. निम्मा हा आकडा न खाणाऱ्यांसह सगळ्या तालुक्याचा आहे. वरच्या उदाहरणात खाणाऱ्या 125 रुग्णांपैकी 100, म्हणजे ऐंशी टक्के, तंबाखूच्या खाती जातात. त्यातही एकट्या माणसाकडे पाहून तो शंभरातला की पंचविसातला, हे ओळखता येत नाही. शिवाय खर्र्यात सुपारी असते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या 2004 च्या अहवालात तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक ठरली आहे.

मृदुला : माझा 'वाटा'ला आक्षेप नेमका येथेच आहे. वाटा म्हटला की वाटणी आली, आणि भावंडांचे वाटे बेरजेने घराएवढेच भरतात. एकाच रुग्णाला तंबाखू आणि सुपारी दोन्ही मिळून रोग झाला असेल, तर तो दोन्हींच्या खाती मोजला जातो आणि बेरीज शंभर टक्क्यांवर जाऊ शकते. 'तंबाखूचे निम्मे, म्हणून बाकी सर्व कारणांचे निम्मे' हा निष्कर्ष 'वाटा' या शब्दातून आपोआप निघतो आणि तो चुकीचा आहे.

विश्वासराव : मग सरळ 'टळणारा हिस्सा' म्हणा.

सुलभा : त्याने घोटाळा वाढेल. हा आकडा ज्या जगाचा आहे, तेथे कोणी तंबाखूला कधी हातच लावलेला नाही आणि बाकी सर्व जसेच्या तसे आहे. प्रत्यक्षात आज सोडणाऱ्याचा धोका हळूहळू उतरतो, एका दिवसात नाही. तंबाखू सोडून कोणी साधी सुपारी चघळू लागला, तर अपेक्षेइतका उतरतही नाही. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा-माव्यासाठी सुपारी आणि तंबाखू पानटपरीवर वेगवेगळे मिळतात. एखाद्या मोहिमेमुळे दहांपैकी एकाने सोडले, तर त्या शंभरांपैकी फार तर दहा रुग्ण कमी होतील आणि तेही काही वर्षांनी. निम्मे हा आकडा कमाल मर्यादा सांगतो, कोणत्याही एका कार्यक्रमाचे फळ नव्हे.

शालिनी : मोजणीतच किती गळते, हे मी घरात पाहिले आहे. माझी आई रोज सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून मशेरी करायची आणि बोटाने हिरड्यांना चोळत अर्धा तास ओसरीवर बसायची. पाहणीला आलेल्या मुलीने 'तंबाखू खाता का?' असे विचारले, तेव्हा आईने 'नाही' असे सांगितले आणि ते खोटे नव्हते, कारण ती तंबाखू खात नव्हती, दात घासत होती. अशा बायका 'न खाणाऱ्यां'त धरल्या गेल्या, तर तंबाखूच्या खात्यावरचे रुग्ण कमी दिसणार नाहीत का?

सुलभा : दिसतील. शिवाय न खाणाऱ्यांचा म्हणून धरलेला धोकाही फुगेल.

मृदुला : तर मग प्रश्नावलीत 'खाता का' ऐवजी 'खाता, ओढता, लावता किंवा घासता का' असे मी लिहीन. संज्ञेसाठी तूर्त 'तंबाखू नसती तर न झालेले रुग्ण' असे सहा शब्द वापरते.

विश्वासराव : ती संज्ञा नव्हे, वाक्य झाले. तक्त्याच्या शीर्षकात ते मावायचे कसे? मी अजूनही 'वाटा'च म्हणेन.