मदत हवी आहे: रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढला की द्राक्षमणी जाडा का भरतो?

निफाडकर_पोरगा
आमची थॉम्सनची बाग आहे. आई-अण्णा बागेत असतात, मी पुण्यात. दर चार दिवसांनी अण्णा ताटात दहा मणी आडवे ठेवतात, शेजारी रुपयाचं नाणं ठेवतात आणि वरून फोटो काढून पाठवतात. मी कॉम्प्युटरवर ImageJ मध्ये पिक्सेल मोजतो. परवाच्या फोटोत नाणं 400 पिक्सेल आणि एक मणी आडव्या जाडीला 374 पिक्सेल भरला. नाणं 22 मिमीचं धरलं, तर मणी साधारण 20.6 मिमी येतो. मी खूश झालो. काल व्यापारी आला, त्याने रिंग लावली आणि 18 म्हणाला. अण्णांनी शेजारच्याचा व्हर्निअर आणून तोच मणी मोजला, तर तोही 18. चूक कुठे होतेय?

निवांत_माणूस
नाणं फार लहान पडतं हो. पाचशेची नोट ठेवा, 150 बाय 66 मिमी. मोजायची वस्तू जेवढी मोठी, तेवढी कडेच्या एक-दोन पिक्सेलची चूक कमी.

मोजणीवाली
कडेच्या पिक्सेलबद्दल निवांतराव बरोबर बोलतायत, पण 400 पिक्सेलमध्ये दोन पिक्सेल म्हणजे अर्धा टक्का. इथे चूक चौदा टक्क्यांची आहे. शिवाय नोट सपाट राहत नाही, घडीची नोट हमखास आखूड भरते. आणि शंभरची जुनी नोट 157 बाय 73 होती, नवी 142 बाय 66 आहे. घरात दोन्ही सापडतात.

पोरगा, आधी एक सांग, नाणं कोणत्या सालचं? रुपयाची तीन मापं अजून खिशात फिरतायत. नव्वदच्या दशकातलं 25 मिमी, 2011 च्या मालिकेतलं 22 आणि 2019 च्या मालिकेतलं 20.

निफाडकर_पोरगा
अण्णांना विचारलं. नाण्यावर 2020 आहे. व्हर्निअर लावला तर बरोबर 20 मिमी. म्हणजे 374 भागिले 400 गुणिले 20, 18.7 मिमी. बरंच खाली आलं, पण वरचे 0.7?

बिबट्या_शेजारी
आमच्याकडे उसाच्या बांधावर पंज्याचा ठसा सापडला. दहाचं नाणं, 27 मिमी, ठेवून फोटो काढलाय. बिबट्या की तरस, कोणी सांगेल का?

मोजणीवाली
दादा, नखांचे ठसे दिसतायत का ते बघा. तरसाची आणि कुत्र्याची नखं उमटतात, बिबट्याची सहसा नाहीत. मापावरून ठरवू नका, ओल्या चिखलात ठसा पसरतो. स्वतंत्र धागा काढा, इथे गोंधळ होईल.

पोरगा, उरलेले 0.7 उंचीचे आहेत. नाणं ताटाला चिकटून असतं आणि मण्याची सगळ्यात जाड जागा ताटापासून 9 मिमी वर. नाण्याची जाडी वजा केली, तरी मणी कॅमेऱ्याला साधारण साडेसात मिमी जवळ असतो. अण्णा फोन किती उंचीवर धरतात?

निफाडकर_पोरगा
वीतभर. म्हणजे 20 सेंमी धरा.

मोजणीवाली
मग हिशेब जमला. नाणं 200 मिमीवर, मण्याची जाड जागा 192.5 मिमीवर. जवळचं तेवढ्या पटीत मोठं दिसतं, 200 भागिले 192.5 म्हणजे जवळजवळ 4 टक्के. 18.7 ला 1.039 ने भागलं की 18.0. व्यापारी यावेळी खरं बोलला (असंही होतं कधीकधी).

उपाय सोपा आहे. नाण्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून ते मण्याच्या निम्म्या उंचीवर आणायचं. ते जमत नसेल, तर फोन 60 सेंमी वर धरून झूम करायचं; मग तीच चूक सव्वा टक्क्यावर येते.

आणि नाणं दोन्ही दिशांनी मोजत जा. फोन तिरका असला, तर गोल नाणं लांबट दिसतं. एकीकडे 400 आणि दुसरीकडे 376 आलं, तर फोन सुमारे 20 अंश कलला होता. तो फोटो टाकून दे, पुन्हा काढायला सांग.

निवांत_माणूस
मग कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातलं नाणंही फसवत असणार? माझ्या फोनवर कडेची माणसं रुंद दिसतात.

मोजणीवाली
फसवतं. नाणं आणि मणी दोन्ही मध्यात, जवळजवळ हवेत.

निफाडकर_पोरगा
आज अण्णांनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नाणं उचललं, फोन डोक्याच्या उंचीवरून धरला. दहा मण्यांपैकी सात व्हर्निअरशी 0.2 मिमीत जुळले. तीन जुळले नाहीत, त्यांचा देठाकडचा भाग वर वळलेला होता.

आता एक उरलं. मणी तोडायचे नसतील आणि घड वेलीवरच असेल, तर नाणं कुठे धरायचं? पुढचे मणी आणि मागचे मणी यांत दोन बोटांचं अंतर असतं.

मोजणीवाली
ते मलाही नीट जमलेलं नाही. पुढच्याच मण्यांच्या रांगेला नाणं टेकवून, फक्त तेच मणी मोजते. पण वाऱ्याने घड हलला की सगळं फिसकटतं.