मदत हवी आहे: वसुलीवरील कमिशनमधून परत आलेला माल दोनदा वजा होतो

नमस्कार. आमच्याकडे एजंटांना जीएसटी वगळून वसूल रकमेवर 2 टक्के कमिशन द्यायचे ठरले आहे, पण ERPNext ते वसुलीकडे न पाहता थेट बिलावर काढते, म्हणून मी Payment Entry मधील allocated_amount वर आधारित स्वतंत्र अहवाल केला आहे.

18 टक्के जीएसटीसह 1,18,000 रुपयांच्या एका बिलापैकी 59,000 आले, 23,600 चा माल परत आला आणि उरलेले 35,400 नंतर मिळाले. निव्वळ वसुली 80,000, म्हणजे कमिशन 1,600 व्हायला हवे. अहवाल मात्र क्रेडिट नोटचे 400 पुन्हा वजा करून 1,200 दाखवतो, आणि हा एजंटावर सरळ अन्याय आहे. पूर्ण वसुलीनंतर माल परत आला, तर मात्र हीच वजावट योग्य ठरते.

क्रेडिट नोट थकबाकीत वळती झाली की ग्राहकाला पैसे परत दिले गेले, हे अहवालात कोणत्या नोंदीवरून खात्रीने ओळखावे?