आयकॉनच्या 'मास्क'ला मराठीत काय म्हणायचं?

रानजाई: अँड्रॉइडच्या आयकॉनवर मराठीत माहितीपत्रक लिहितेय, 'मास्क'पाशी अडलेय. 'मुखवटा' लिहिलं तर सहकारी म्हणाला मुखवटा झाकतो, हा तर दाखवतो. फोनची होम स्क्रीन दाखवणारा लाँचर कुठे गोल, कुठे चौकोनी, कुठे थेंबासारखा आकार लावतो आणि त्याच्या आत येईल तेवढंच दिसतं.

छापखानेवाला: 'साचा' म्हणा. आणि बाहेरचं जे जातं ते आमचं ब्लीड, लग्नपत्रिका कापताना ३ मिमी सोडतो तेच.

कुसुंबी: ब्लीड अर्धंच बरोबर आहे. अँड्रॉइड ८.० पासून आयकॉनचे दोन थर असतात, मागचा आणि पुढचा, दोन्ही १०८ डीपी मापाचे. दिसतात मधले ७२, चारी बाजूंनी १८ राखीव. पण तुमचं ब्लीड एकदा कापलं की संपलं, इथे काही लाँचर आयकॉन ओढताना थर हलवतात आणि तेव्हा त्या १८ मधलं डोकावतं, म्हणून मागचा रंग कडेपर्यंत भरायलाच लागतो.

बापू_सातारकर: माझ्या ॲपचा आयकॉन पांढऱ्या गोलात बारका होऊन बसलाय, हाच मास्क का?

कुसुंबी: बापू, तुमची एकच जुनी पीएनजी असणार. थर नसले की बरेच लाँचर ती लहान करून पांढऱ्यावर ठेवतात. दोन थर करा.

रानजाई: माझं पण फसलं होतं. 'वही' हा शब्दच आयकॉन, ६६ रुंद, ४० उंच. खात्रीची जागा ६६ म्हणून बसेल वाटलं, तर गोल लाँचरवर शिरोरेषेची दोन्ही टोकं आणि वेलांटीचा शेंडा गेला.

कुसुंबी: कारण ते ६६ म्हणजे वर्तुळाचा व्यास, चौकोनाची बाजू नव्हे. कर्ण मोजायचा, तुझा ७७ भरतो. ५६ बाय ३४ केलंस तर साडेपासष्ट, बसतं. ॲप उघडताना क्षणभर दिसणाऱ्या स्प्लॅशलाही तोच हिशोब, अँड्रॉइड १२ पासून तिथे मागच्या रंगाशिवायचा आयकॉन २८८ चा, आणि दिसतो १९२ च्या वर्तुळात. दोन्हीकडे दोन तृतीयांश.

माईआज्जी: मुखवटा झाकतो हे कोणी ठरवलं? आमच्याकडे गौरींचे मुखवटे बसवतात, तेव्हा कुठे गौर दिसायला लागते. चांगला शब्द आहे, टाकू नका.

छापखानेवाला: माई, पण गौरीचा मुखवटा हेच रूप असतं, त्याला भोक नसतं. रांगोळीच्या छापाला असतं, 'छाप' घ्या.

रानजाई: छापातून रंग खाली पडतो हो, इथे काही पडत नाही.

कुसुंबी: मी आपलं 'मास्क'च लिहीन, डिझायनर तेच शोधणार.

माईआज्जी: सगळेच असं म्हणाले तर मराठीत लिहायचं कशाला बाई?

बापू_सातारकर: दोन थर केले, पांढरं गेलं. पण आता स्प्लॅशला लोगोखालचं नाव अर्धं कापलं जातंय.

कुसुंबी: नाव त्या आयकॉनमध्येच घातलंत का? काढा. खाली पट्टी लावायची वेगळी सोय आहे, २०० बाय ८० ची.